‘काहीही बदलणार नाही’ हे वाक्य

विलीनीकरणाचं पत्र लिहायचं काम मनुष्यबळ विभागाकडे येतं, तेव्हा कच्च्या मसुद्यात एक वाक्य हमखास असतं : ‘या निर्णयामुळे कोणाच्याही नोकरीत काहीही बदलणार नाही.’ मी ते सर्वात आधी खोडते.

आमचा सुट्या भागांचा कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन झाला, तेव्हाही ते होतं. दोन्हीकडे हिशेब विभाग होता, खरेदी विभाग होता. एका कंपनीला दोन खरेदी विभाग लागत नाहीत, हे कॅन्टीनमधल्या कोणालाही कळतं. ते वाक्य वाचल्यावर माणसं पत्रातल्या खऱ्या वाक्यांवरही विश्वास ठेवत नाहीत.

खरी वाक्यं शोधायला मी वकिलांकडून विलीनीकरणाची योजना मागून घेतली. अशा योजनेत कर्मचाऱ्यांविषयी एक कलम असतं : अंमलाच्या दिवशी पटावर असलेला प्रत्येक जण नव्या कंपनीचा कर्मचारी होईल, सेवेत खंड पडणार नाही आणि अटी आधीपेक्षा कमी नसतील. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने योजना मंजूर केली की हे कलम कंपनीवर बंधनकारक होतं. म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी जुनी वर्षं धरली जातात. हे पत्रात ठासून लिहावं. पण त्याची मर्यादाही लिहावी. नोकरी नव्या कंपनीत जाईल, एवढंच ते कलम सांगतं. पुढे ती कायम राहील, असं सांगत नाही.

म्हणून नोकरीविषयीचा परिच्छेद तीन भागांत बसवला. पहिल्यात कलमाने दिलेली हमी. दुसऱ्यात ठरलेली गोष्ट : दोन्ही कारखाने चालू राहणार. तिसऱ्यात न ठरलेली : हिशेब, खरेदी, संगणक आणि आमचा स्वतःचा विभाग यांत कोण कुठे, हे ठरायचं आहे, निर्णय अमुक तारखेला सांगू, त्याआधी कोणालाही जायला सांगणार नाही आणि प्रत्येकाला समोर बसवून सांगू. संचालकांना हा तिसरा भाग नको होता. ‘उगाच घबराट होईल,’ ते म्हणाले. मी म्हटलं, घबराट आधीच आहे, तिला निदान तारीख देऊ.

विलीनीकरणाचं कारण सांगतानाही साधं लिहिलं. आमच्याकडे ओतकाम जास्त आणि मशीनिंग कमी. मोठ्या कंपनीची मशीनं रिकामी उभी. गाड्यांच्या कंपन्यांना तयार भाग एकाच पुरवठादाराकडून हवा होता. ‘आपण विकले गेलो का?’ हा प्रश्न येणारच होता, म्हणून मोठा वाटा त्यांच्या भागधारकांकडे राहील, हेही लिहून टाकलं.

वेळापत्रकात लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो. घोषणा म्हणजे विलीनीकरण नव्हे. मधे भागधारक, धनको, न्यायाधिकरण असा प्रवास असतो. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेची घोषणा 4 एप्रिल 2022 ला झाली आणि विलीनीकरण 1 जुलै 2023 ला अंमलात आलं. त्यात योजनेत तारखाही दोन असतात. हिशेबासाठी धरलेली तारीख मागचीही असू शकते. माणसं नव्या कंपनीत जातात ती अंमलाच्या तारखेला. पत्रात आम्ही फक्त दुसरीविषयी बोललो, आणि तीही अंदाज म्हणूनच दिली.

शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत एक अडचण अटळ असते. बातमी भावावर परिणाम करणारी, त्यामुळे शेअर बाजाराला कळवण्याआधी ती कामगारांना सांगता येत नाही. आणि बाजाराला कळली की काही मिनिटांत फोनवर येते. आम्ही सुपरवायझरांना विषय न सांगता सभागृहात बोलावून ठेवलं. बाजाराकडे कागद गेल्याची खात्री झाली, तसं त्यांच्या हातात पत्र दिलं आणि ते थेट आपापल्या लाइनवर गेले. रात्रपाळीला पाळी सुरू होताना सांगितलं.

सुपरवायझरांना एकच सूचना होती : माहीत नसेल तर अंदाज सांगू नका, प्रश्न लिहून आणा. टाइम ऑफिसमध्ये एक वही ठेवली. दर शुक्रवारी प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर, किंवा उत्तर कधी मिळेल ती तारीख. पगार कोणत्या तारखेला, साठलेल्या रजेचं काय, पीएफचं खातं तेच का, बदली नाकारता येईल का. युनियनचे लोकही तीच वही बघत. नोटीस बोर्डावर तीच उत्तरं लागत, म्हणजे दोन पाळ्यांत दोन उत्तरं फिरत नसत.

वहीत प्रश्न कमी झाले की साहेब लोकांना बरं वाटतं. मी तेव्हा दुसरीकडे बघते : अनुभवाचा दाखला, पीएफची शिल्लक, नोटीसचा कालावधी यांची चौकशी वाढली आहे का? हिशेब विभागात ती वाढली होती. ज्यांना बाहेर सहज नोकरी मिळते, ते तारखेची वाट पाहत नाहीत.

ठरलेली तारीख आली तेव्हा खरेदी विभागाचा निर्णय झाला होता, हिशेब विभागाचा नव्हता. त्या दिवशीही पत्र काढलं : खरेदीचं ठरलं ते असं, हिशेबाचं ठरलेलं नाही, कारण दोन्हीकडचं सॉफ्टवेअर एक करायचं बाकी आहे, नवी तारीख ही. हिशेब विभागातले दोघं-तिघं चिडून माझ्याकडे आले. त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्यासमोरच वहीत लिहिले.