भूक गेली आणि दुखणें सरकलें

पोटदुखी हा आपल्या घरांतून इतका नित्याचा विकार आहे, कीं तिची कोणी फारशी क्षिति बाळगीत नाहीं. ओवा, हिंग आणि आल्याचा रस एवढ्या सामग्रीवर पुष्कळशी दुखणीं निवतात. परंतु दुखण्याचा एक क्रम असा आहे, कीं तो दिसतांच ओव्याची डबी मिटून डॉक्टरांकडे जावें. प्रथम अन्नावरील वासना उडते व बेंबीभोंवतीं मंद दुखूं लागतें. मागाहून मळमळ किंवा एखादी उलटी होते. आणि कांहीं तासांनीं दुखणें उजव्या बाजूस ओटीपोटांत येऊन ठाण मांडतें. संस्कृतांत पदें मागें-पुढें झालीं तरी वाक्याचा अर्थ बहुधा ढळत नाहीं. येथें मात्र सारा अर्थ क्रमांतच आहे.

लहान आंतडें मोठ्या आंतड्यास जेथें मिळतें, तेथें उंडुक नांवाची पिशवी असते. तिला सुमारें तीन-चार इंच लांबीची, टोंकाशीं बंद असलेली एक बारीक नळी जोडलेली असते. हेंच आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स. मळाच्या घट्ट खड्यानें किंवा सुजेनें तिचें तोंड बुजलें, कीं आंतील स्राव कोंडतो, नळी फुगते, तिच्या भिंतींतील रक्त अडतें आणि जंतूंचें फावतें.

मग नळी उजवीकडे असतां दुखणें प्रथम बेंबीपाशीं कां? तिचे ज्ञानतंतु मज्जारज्जूंत ज्या पातळीवर शिरतात, तेथेंच बेंबीभोंवतालच्या त्वचेचेही शिरतात. त्यामुळें मेंदूस नेमकें स्थळ उमगत नाहीं. पुढें दाह नळीच्या भिंतीतून पोटाच्या आंतील अस्तरास भिडतो. या अस्तराचे तंतु निराळे असून ते बरोबर जागा सांगतात. म्हणजे दुखणें सरकत नाहीं, साक्षीदार बदलतो. आणि दुसरा साक्षीदार बोलूं लागला म्हणजे दाह नळीबाहेर पोंचला असें समजावें.

गतवर्षीं माझ्या पुतण्याच्या सोळा वर्षांच्या मुलाचें असेंच झालें. सायंकाळीं त्यानें आवडीच्या पुरणपोळीचें ताट दूर सारलें व बेंबीपाशीं दुखतें असें सांगितलें. रात्रीं एक उलटी झाली. सकाळीं दुखणें उजवीकडे आलें होतें. तो किंचित् वांकून चाले, खोकतांना तेथेंच कळ येई, अंगांत थोडा ताप होता. घरांतील एका वडील बाईंनीं "पोट साफ झालें कीं बरें वाटेल" म्हणून एरंडेल काढलें. परंतु त्याच्या आईनें तें देऊं दिलें नाहीं, आणि अन्नपाणी बंद ठेवून त्यास रुग्णालयांत नेलें. कटीच्या हाडाच्या पुढील टोंकापासून बेंबीपर्यंत रेघ कल्पिली, तर टोंकाकडून तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर जो बिंदु येतो, तेथें डॉक्टरांनीं दाबून पाहिलें. न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी या शल्यविशारदानें 1889 सालीं हें स्थान नमूद केलें. डावीकडे दाबलें असतांही मुलास उजवीकडेच दुखलें. रक्ततपासणी व सोनोग्राफी यांनीं निदान पक्कें झालें. दुपारीं दुर्बिणीच्या साह्यानें आंत्रपुच्छ काढलें. तें सुजलेलें होतें, पण फुटलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं मुलगा घरीं आला.

एरंडेल नाकारलें हें फार बरें झालें. रेचकानें आंतड्यांची हालचाल वाढून तुंबलेली नळी फुटण्याचें भय असतें. एरवीही, रक्त अडलेली भिंत सडली कीं ती फुटते. पहिल्या दुखण्यापासून एका-दोन दिवसांत हा प्रसंग येऊं शकतो. फुटतांच आंतील ताण सुटतो व कधीं कधीं रोग्यास क्षणभर हायसें वाटतें. घरचीं माणसें म्हणतात, उतार पडला. पण त्याच वेळीं पू पोटभर पसरूं लागलेला असतो. मग पोट फळीसारखें ताठरतें, ताप चढतो, नाडी धांवूं लागते, आणि जिवावर बेततें. म्हणून असें दुखणें एकाएकीं थांबलें तरी तपासणी टाळूं नये.

हा क्रम सर्वांत आढळतोच असें मात्र नाहीं. लहान मुलांस नीट सांगतां येत नाहीं. वृद्धांत दुखणें व ताप सौम्य असतात. गर्भवतीस दुखणें नेहमीपेक्षां वर जाणवूं शकतें. आणि नळी उंडुकामागें दडलेली असली, तर कळ कमरेंत येते. तरुण स्त्रियांत अंडाशयाच्या विकारानेंही उजवीकडे दुखतें, म्हणून निदान घरीं ठरवूं नये. सौम्य दाह कांहीं निवडक रोग्यांत केवळ जंतुनाशक औषधांनींही शमतो. मात्र त्यांतील कित्येकांस पुढें शस्त्रक्रिया करावीच लागते. तो निर्णय डॉक्टरांचा. घरांतील माणसांनीं एवढेंच करावें, कीं भूक केव्हां गेली, दुखणें कोठें सुरू झालें व कोठें आलें, हें वेळेसह टिपून ठेवावें, आणि रेचक न देतां, खायला-प्यायला न घालतां रोग्यास त्यांच्यापुढें न्यावें.