सांगलीची दुपार, साताऱ्याची रात्र

विश्रामबागेत मामांच्या हॉलला पश्चिमेची मोठी सरकती खिडकी आहे आणि टीव्ही नेमका तिच्या समोर. दुपारी चारला पडद्यावर कुस्ती कमी आणि खिडकीचं ग्रिल जास्त दिसतं. मामांनी ब्राइटनेस वाढवून ठेवला होता. त्यानं पैलवानाचे काळे केस राखाडी झाले आणि सगळ्या चित्रावर धुरकट पडदा आला.

असं का होतं, ते सांगायला हवं. पुष्कळ टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळा रंग किती काळा दिसावा याची पातळी. ती वर नेली की काळं उजळतं, पण पांढऱ्याला फारसं काही मिळत नाही. पडद्यामागच्या दिव्यांचा जोर असतो बॅकलाइटमध्ये. म्हणून ब्राइटनेस मूळ जागी आणला आणि बॅकलाइट शंभरापैकी नव्वदवर नेला. त्याआधी पडदा ओढून घेतला. खिडकीचं प्रतिबिंब कुठल्याही सेटिंगनं जात नाही.

नावांचा मात्र घोळ आहे. सोनीच्या अलीकडच्या टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजेच बॅकलाइट, आणि काळ्याची पातळी ‘ब्लॅक लेव्हल’मध्ये. आपल्या टीव्हीवर काय आहे ते कळायला पांढरा सदरा घातलेला माणूस पडद्यावर थांबवायचा आणि आकडा बराच खाली आणायचा. सदराही मंद झाला तर तो बॅकलाइट. सदरा जवळपास तसाच राहून काळ्या केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या, तर ती काळ्याची पातळी.

व्हिव्हिड मोड दुकानातल्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला ठीक. घरात त्यानं पांढरा रंग निळसर होतो, हळद लागलेली नवरी केशरी दिसते. मामांकडे दिवसासाठी स्टँडर्ड ठेवला आणि रंगछटा ‘वॉर्म’कडे सरकवली. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटतं. डोळे सरावले की जुनंच निळं वाटू लागतं.

साताऱ्यात आत्याचं घर म्हणजे जुना वाडा. माजघराला एकच लहान खिडकी, त्यामुळे भरदुपारीही तिथे दिवा लावावा लागतो. तिथे रात्री ‘तुंबाड’ लावला. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा हा चित्रपट पावसाळी, ढगाळ उजेडात आणि दिव्या-कंदिलांच्या प्रकाशात घडतो. म्हणजे टीव्हीची परीक्षाच. बॅकलाइट सांगलीसारखाच चढलेला होता, आणि चित्रपटातल्या वाड्यातला अंधार निळसर राखाडी दिसत होता. एलसीडी पॅनेलला मागचा प्रकाश पूर्ण अडवता येत नाही, थोडा झिरपतोच. उजेडाच्या खोलीत तो कळत नाही, अंधाऱ्या खोलीत लगेच कळतो. मूव्ही मोड लावून बॅकलाइट तीसच्या आसपास आणला, तेव्हा काळं खाली बसलं आणि कंदिलाजवळचा चेहरा वर आला.

अंधाऱ्या खोलीत टीव्हीसाठी चित्र तपासणाऱ्यांच्या पडद्यावर पांढरा रंग साधारण १०० निट इतकाच उजळ असतो. उजेडाच्या दिवाणखान्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. म्हणून एकच आकडा दोन्हीकडे चालत नाही.

बॅकलाइट फार खाली नेला तरी फसगत होते, सावलीतलं काहीच दिसत नाही. शिवाय मिट्ट काळोखात एकट्या पडद्याकडे बघून आत्याचे डोळे दुखायचे. टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवला. तो पडद्यावर पडत नाही आणि डोळ्यांना आधार देतो.

शार्पनेसबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण बहुतेक घरांत तो उगाच चढवलेला असतो. त्यानं नवा तपशील येत नाही; टीव्ही फक्त कडेला उजळ-गडद रेघ ओढतो. बातम्यांची खालची पट्टी जवळ जाऊन पाहावी. अक्षरांच्या शिरोरेषेला पांढरी किनार दिसली, वेलांटी दुहेरी वाटली, की शार्पनेस जास्त. ती किनार जाईपर्यंत खाली आणायचा आणि तिथेच थांबायचं. सॅमसंगवर तो मुक्काम बहुधा शून्याशी असतो, सोनीवर पन्नासाशी. सोनीवर त्याखाली नेलं तर चित्र बोथट होतं.

फ्री डिशवरच्या एसडी वाहिन्यांना हे जास्त लागू. त्या चित्रात ५७६ ओळी; मोठ्या पडद्यावर ताणल्यावर चौकटी-चौकटी आणि कडेची वळवळ आधीच असते. शार्पनेस तीच ठळक करतो. उजेडाशी याचा संबंध नाही, त्यामुळे दिवसा-रात्री तोच आकडा राहू द्यावा.

बहुतेक टीव्ही प्रत्येक मोडचे आकडे वेगळे लक्षात ठेवतात, पुष्कळ टीव्ही प्रत्येक एचडीएमआय जोडणीचेही. म्हणून स्टँडर्ड दिवसाचा, मूव्ही रात्रीचा असं ठरवून टाकावं. आत्या आता रिमोटवर फक्त मोड बदलते.

इतकं करूनही चित्र आपोआप मंद होत असेल, तर वीजबचतीचा पर्याय किंवा खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर चालू आहे का ते बघावं. मामांकडे वीजबचत चालू होती आणि ऐन दुपारी बॅकलाइट दाबत होती.