एक वजाबाकी, दोन कॅरोसेल

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाने गृहपाठाच्या वहीत ५२ − २७ = ३५ असं लिहून आणलं होतं. खोडून खोडून कागद फाटायला आला होता आणि खाली आईच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाई, दहा वेळा समजावलं, तरी असंच करतो."

त्या रात्री मी मोबाइलवर एक कॅरोसेल बनवला. कॅरोसेल म्हणजे बोटाने सरकवत एकामागून एक वाचायच्या स्लाइड. विषय होता हातच्याची वजाबाकी. विचार केला की पालकांनाही पाठवू आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकू, एका कामात दोन कामं. दहा स्लाइड झाल्या. त्यात स्थानिक किंमत होती, दशक सुटा करणं होतं, मुलांच्या नेहमीच्या चुका होत्या, शून्याची गणितंही होती.

दुसऱ्या दिवशी त्या आई शाळेत आल्या तेव्हा विचारलं, "वाचलंत का?" म्हणाल्या, "वाचलं की. पण दशक सुटा करायचा म्हणजे नक्की काय करायचं?" आणि शिक्षकांच्या ग्रुपवर तर दोन अंगठ्यांपलीकडे काहीच आलं नाही. एक मैत्रीण फोनवर स्पष्टच बोलली, "अगं, पहिल्या सहा स्लाइड आम्ही रोजच शिकवतो. पुढे काय आहे ते बघितलंच नाही."

म्हणून दोन वेगळे करायचे ठरवले. पालकांचा आधी घेतला.

त्यात मी वहीतलं गणित बाजूला ठेवून पैसे घेतले. पहिल्या स्लाइडवर फक्त एवढंच: "मुलाने ५२ − २७ = ३५ लिहिलं? दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची बारा नाणी घेऊन बसा." दुसरीवर ५२ रुपये मांडले, म्हणजे पाच नोटा आणि दोन नाणी. उरलेली दहा नाणी डब्यात. तिसरीवर, दुकानदाराला २७ द्यायचे आहेत, सात नाणी हवीत, आहेत दोनच. चौथीवर एक नोट डब्यात टाकून दहा नाणी बाहेर काढली. आता चार नोटा आणि बारा नाणी. पाचवीवर नवीन काहीच घडत नाही, फक्त एक प्रश्न आहे: "आता किती रुपये झाले? मुलाला मोजू द्या." अजूनही ५२च भरतात. सहावीत सात नाणी आणि दोन नोटा दिल्या, उरले २५. सातवीत तेच सगळं वहीत कसं दिसतं ते, पाचाच्या जागी चार, दोनाच्या जागी बारा.

पाचवी स्लाइड मी आधी काढून टाकली होती, कारण मला ती फालतू वाटली. पण त्या आईंना समोर बसवून वाचायला दिलं तेव्हा त्या चौथीवरून सहावीवर जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "पण मग पैसे वाढले ना?" ज्याला विषय नवा आहे त्याची शंका अशाच ठिकाणी असते, जिथे आपल्याला सांगण्यासारखं काही वाटतच नाही. म्हणून ती परत घातली. एक लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवर स्लाइड पुढेमागे होतात, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात ३/७ असा क्रमांक घाला. आणि नवखा म्हणजे कमी शिकलेला नव्हे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील इंजिनिअर आहेत. वजाबाकी त्यांना झोपेतही येते, पण मूल कुठे अडतं हे त्यांच्यासाठी नवंच आहे. त्यांनाही हाच कॅरोसेल दिला.

शिक्षकांचा कॅरोसेल मला सोपा वाटला होता आणि तिथेच मी चुकले. पहिल्यातले शब्द बदलले, नोटांच्या जागी दशक, नाण्यांच्या जागी एकक, आणि शेवटी एक स्लाइड जोडली: "३५ आलं म्हणजे मूल वरखाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, सातातून दोन."

आमच्या केंद्रातल्या एका अनुभवी सरांनी लगेच विचारलं, "बाई, ३५ दोन वाटांनी येतं. तुमचा मुलगा कुठल्या वाटेने आला?"

मी कागदावर करून बघितलं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, ३५. आणि हातचा नीट घेतला, बारातून सात गेले पाच, पण दशकातला एक कमी करायला विसरलं, तर पाचातून दोन गेले तीन. तेच ३५! दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की हे होतंच, आणि माझ्या गणितात ७ आणि २ होते.

म्हणून उदाहरणच बदललं, ५२ − २८. बरोबर उत्तर २४. मोठ्यातून लहान वजा केलं तर येतं ३६. हातचा घेऊन दशक कमी करायला विसरलं तर ३४. आणि तिसरंही एक उत्तर मिळतं, १४. ते एका मुलीच्या वहीत सापडलं. तिच्या आजोबांनी त्यांच्या पद्धतीने शिकवलं होतं, वर दहा घे आणि खालच्या दशकात एक मिळव. ती पद्धतही बरोबरच आहे, बारातून आठ गेले चार, पाचातून तीन गेले दोन. पण पोरीने शाळेतलं आणि घरचं दोन्ही केलं, वरचे पाच कमी करून चार केले आणि खालचे दोन वाढवून तीन केले.

आता शिक्षकांचा कॅरोसेल चारच स्लाइडचा आहे. पहिलीवर ३६, ३४, १४ ही तीन उत्तरं आणि प्रश्न, "तिघांना एकच गोष्ट पुन्हा समजावणार का?" पुढच्या प्रत्येक स्लाइडवर एकेक उत्तर, ते कसं आलं आणि त्या मुलाला काय विचारायचं. वजाबाकी कशी करायची याचा एक शब्दही नाही. मजकूर मात्र दाट आहे, कारण शिक्षक तो जपून ठेवतात आणि वह्या तपासताना उघडतात. शेवटच्या स्लाइडच्या तळाशी एक ओळ आहे: "एका गणितावरून ठरवू नका, अशी तीन तरी द्या." कारण मूल कधी नुसतंच मोजताना चुकतं.

पालकांच्या कॅरोसेलमध्ये ५२ − २७ तसंच ठेवलं. घरी चूक ओळखत बसायची गरज नाही, नोटा आणि नाणी मांडली की तिन्ही चुका समोर दिसतात.

त्या मुलाला मी ५२ − २८ दिलं तेव्हा त्याने लिहिलं ३४. म्हणजे हातचा त्याला येत होता आणि मी त्याला आठवडाभर हातचाच समजावत होते! नोटा मांडायला लावल्या. त्याने दहा नाणी घेतली, पण नोट काही डब्यात टाकली नाही. म्हटलं, "मोज बरं." त्याने मोजले, ६२. माझ्याकडे बघितलं, हसला आणि एक नोट गुपचूप डब्यात सरकवली.

आता त्याच्या आईंनी विचारलंय, ४०२ − १५८ मध्ये मोडायला दहाची नोटच नाही, मग काय करायचं? आधी शंभराची मोडायची, हे मी सांगितलं. त्याचा कॅरोसेल अजून व्हायचा आहे.