काचेचा बोगदा आणि परतीची वाट

‘सुपर मेट्रॉइड’ (1994) मधला काचेचा बोगदा. रेड ब्रिन्स्टारमधून नॉरफेअरच्या लिफ्टकडे जाताना सॅमसला तो ओलांडावाच लागतो. चहूबाजूंनी मारिडियाचं पाणी, पण तिकडे जायला दार नाही. खेळाडू इथून अनेकदा धावत जातो आणि त्याला ही नुसती सजावट वाटते. पुढे पॉवर बॉम्ब मिळतो. तो बोगद्यात उभं राहून फोडला की काच तडकते, फुटते, आणि पाण्याखालचा अख्खा मुलूख समोर येतो.

हे जमतं, कारण बोगदा रोजच्या रस्त्यावर आहे. मुद्दाम मागे फिरावं लागत नाही आणि अडलेली जागा लक्षात ठेवावी लागत नाही. पलीकडचं पाणी तर पहिल्या फेरीतच दिसलेलं असतं. एक उणीव मात्र आहे. काच फुटू शकते, हे तिथे उभं असताना कोणी सुचवत नाही, त्यामुळे बरेच जण इथे अडकतात. एखादी बारीक चीर दाखवली असती तरी शोधाचा आनंद कमी झाला नसता.

*

त्याच खेळातली रंगीत दारं. लाल दाराला पाच मिसाइल, हिरव्याला एक सुपर मिसाइल, पिवळ्याला पॉवर बॉम्ब. रंग चटकन डोक्यात बसतो, ही त्यांची जमेची बाजू. पण दार उघडलं की काम संपलं, चालण्या-उडण्यात काहीच फरक पडत नाही. केवळ अशा दारासाठी लांबून परत यायचं आणि आत पाच मिसाइलांची टाकी, हा सौदा तोट्याचा.

पाणी आणि उष्णता हे अडसर वेगळे. मारिडियात ग्रॅव्हिटी सूट नसला तरी जाता येतं, पण उडी जड आणि पाऊल संथ. नॉरफेअरच्या तापलेल्या खोल्यांत व्हेरिया सूटशिवाय ऊर्जा सतत गळत राहते, तरी धाडसी खेळाडू पुरेशा टाक्या घेऊन थोडं आत डोकावून येतो. सूट मिळाल्यावर तीच खोली तो धावत पार करतो. जागा तीच, पण आपण बदललो हे हातांना जाणवतं. परत येण्याचं खरं बक्षीस हेच, टाकी त्यानंतर.

*

एक छोटा नकाशा मांडून पाहू. चौक, त्याखाली विहीर, चौकाच्या उजवीकडे लांबवर मनोरा. दुहेरी उडी विहिरीच्या तळाशी ठेवली आहे.

उंच कट्टे तीन हवेत. पहिला विहिरीतच ठेवावा, बाहेर पडायला दुहेरी उडी लागेल असा. नवी शक्ती तिथल्या तिथे वापरून कळते, शिकवणीची पाटी नको. दुसरा चौकात, पहिल्यांदा येतानाच नजरेत भरेल असा. वर येताच खेळाडू त्याच्याकडे वळेल. तिथून नवा प्रदेश सुरू व्हावा आणि त्या प्रदेशाच्या शेवटी चौकात उतरणारी लिफ्ट उघडावी. तिसरा मनोऱ्यात, ज्याला आठवेल त्याच्यासाठी. तो वाटेवर नाही, म्हणून तिथलं बक्षीस मोठं हवं, पण त्यावाचून खेळ अडता कामा नये.

तिन्ही कट्टे मनोऱ्यापलीकडे टाकले तर काय होतं, हे चाचणीत लगेच दिसतं. खेळाडू प्रत्येक वळणावर नकाशा उघडतो आणि एकापाठोपाठ एक खोल्या काहीही न करता पळत पार करतो. काही नवं न घडता ओलांडलेल्या अशा खोल्या मोजाव्यात. सलग तीन-चार झाल्या तर मध्ये शॉर्टकट टाकावा.

*

वरून खाली पडायची, पण परत चढता न येणारी जागा आली की थांबायचं. इथे पोचणाऱ्याजवळ ज्या शक्ती नक्की असतील, तेवढ्याच लिहायच्या. त्यांवर किंवा आत मिळणाऱ्या शक्तीवर बाहेर पडता येतं का, ते तपासायचं. आमच्या विहिरीत दुहेरी उडी उचलण्याआधीच खेळ सेव्ह केला तर? उडी तळाशीच आहे, म्हणून सुटका आहे. ती एखाद्या बंद दाराआड असती आणि दाराची चावी वर राहिली असती, तर खेळाडू कायमचा अडकला असता. सेव्हची जागा विहिरीत असेल तर शेवटच्या सेव्हवर जाऊनही तो सुटणार नाही.

*

‘हॉलो नाइट’ (2017) मधले फॉरगॉटन क्रॉसरोड्स पुढे संसर्गाने बदलतात. ओळखीच्या वाटांवर नवे शत्रू येतात, काही रस्ते बुजतात. ‘सुपर मेट्रॉइड’ने हे अगदी सुरुवातीलाच केलं होतं. उतरताना क्रेटेरिया निर्जन असतो, आणि मॉर्फ बॉल व मिसाइल घेऊन वर आलं की तिथे शत्रू वावरत असतात. नवी खोली न बांधता जुनीत नवं काही घडवलं.

मात्र हे एक-दोन जागीच करावं. सगळंच बदललं तर खेळाडूची ओळखीची जागाच उरत नाही, आणि ओळख नसेल तर तो परतला असं म्हणताच येत नाही.

*

नवी शक्ती नकाशावर मांडण्याआधी तिने कोणत्या जुन्या खोल्या वेगळ्या वाटतील ते लिहा. यादीत नुसती दारंच येत असतील, तर ती शक्ती काढून टाका.