'तक्रार अंशतः मंजूर' म्हणजे नेमकं काय मिळालं?

ग्राहक आयोगाचं निकालपत्र हातात पडलं की पक्षकार शेवटचं पान उघडतो. साहजिकच आहे, आकडे तिथे असतात. पण त्या पानाची पहिली ओळ बहुधा 'तक्रारदार यांची तक्रार अंशतः मंजूर करण्यात येते' अशी असते, आणि तिनेच त्याचा चेहरा उतरतो. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात वकिली करताना निकाल लागल्यावर माझा पुढचा अर्धा तास हा चेहरा पूर्वपदावर आणण्यात जातो. एका प्रकरणातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

निवृत्त शिक्षक, वय पासष्टच्या पुढे. अँजिओप्लास्टी झाली, इस्पितळाचं बिल 3,12,000 रुपये. आरोग्य विमा होता, पण 10 जून 2022 रोजी कंपनीने दावा नाकारला. पॉलिसी घेताना तुम्ही जुना रक्तदाब लपवलात, हे कारण. काकांनी कंपनीबरोबर इस्पितळालाही प्रतिवादी केलं होतं. मागणी होती बिलाची पूर्ण रक्कम, मानसिक त्रासापोटी पाच लाख आणि खर्च. 6 जानेवारी 2025 रोजी आदेश झाला: कंपनीने 2,60,000 रुपये, दावा नाकारल्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष रक्कम देईपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह द्यावेत. शारीरिक-मानसिक त्रासापोटी 15,000 आणि तक्रारीच्या खर्चापोटी 10,000 द्यावेत. हे सगळं आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत. इस्पितळाविरुद्धची तक्रार खारीज.

काका म्हणाले, "मॅडम, पाच लाख मागितले, पंधरा हजार दिले. म्हणजे अर्धं हरलोच की आपण."

मी त्यांना मधल्या पानावर नेलं. तिथे मुद्दे आणि त्यांच्यासमोर निष्कर्ष असा तक्ता असतो. तक्रारदार ग्राहक आहे काय? होय. विरुद्ध पक्षाने सेवेत त्रुटी केली काय? कंपनीबाबत होय, इस्पितळाबाबत नाही. तक्रारदार दाद मिळण्यास पात्र आहे काय? अंशतः. भांडण ज्या प्रश्नाचं होतं तो दुसरा, आणि त्याचं उत्तर आपल्या बाजूने आहे. 'अंशतः' आला तो रकमेमुळे. इस्पितळाने उपचार केले, बिल दिलं, कागद वेळेवर पुरवले. त्याच्याविरुद्ध तसं काही म्हणायचं नव्हतंच. ती तक्रार खारीज झाल्याने काकांचा एक रुपयाही कमी झाला नाही.

तक्त्याच्या खालची कारणमीमांसा मी पक्षकाराला नेहमी शब्दशः वाचायला लावते. काकांची समजूत अशी, की कंपनी खोटी ठरली. आयोगाने तसं कुठेही म्हटलेलं नाही. कंपनीचा सगळा आधार इस्पितळाच्या केसपेपरवरची एक नोंद होती: पाच वर्षांपासून रक्तदाब. ती कुणी सांगितली, कुणी लिहिली, याबद्दल डॉक्टरांचं शपथपत्र नव्हतं. पॉलिसीपूर्वीच्या उपचारांची एकही चिठ्ठी कंपनीने दाखल केली नव्हती. आजार लपवला असं जो म्हणतो त्याने ते सिद्ध करायचं असतं. कंपनीने ते केलं नाही, म्हणून दावा नाकारणं ही सेवेतली त्रुटी. काकांना रक्तदाब कधीच नव्हता, असा निष्कर्ष यात नाही. हा फरक मी मुद्दाम समजावते, कारण कंपनी अपिलात गेलीच तर ती याच परिच्छेदावर बोट ठेवणार.

मग 3,12,000 चे 2,60,000 का झाले? पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, आणि हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचा खर्च मिळणार नव्हता. दावा मंजूर झाला असता तरी हे 52,000 कापले गेले असते. जे पॉलिसीतच नव्हतं ते आयोग देत नाही.

राहिला पंधरा हजारांचा सल. मानसिक त्रासाची रक्कम आपल्याकडे बेताचीच मिळते, आणि मला विचाराल तर ती अनेकदा कंजूषपणाने दिली जाते. पण खरी भरपाई व्याजाच्या ओळीत असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. 2,60,000 वर 9 टक्क्यांनी वर्षाला 23,400 रुपये होतात. 10 जून 2022 पासून 6 मार्च 2025 पर्यंत धरलं तर सुमारे 64,000. म्हणजे त्या दिवशी पैसे आले तर एकूण साधारण 3,49,000. हे सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही. आणि ते फक्त 2,60,000 वर आहे, त्रास आणि खर्चाच्या पंचवीस हजारांवर नाही. व्याज कोणत्या तारखेपासून, हेही पाहावं. काही आदेशांत ते तक्रार दाखल केल्यापासून असतं, आणि तेवढ्याने हजारो रुपयांचा फरक पडतो.

6 मार्च ही तारीख मी कुठून आणली? काकांना आणि कंपनीला आदेशाची प्रत 20 जानेवारीला मिळाली. तिथून 45 दिवस 6 मार्चला संपतात. कंपनीने पैसे देण्याची मुदत ती. राज्य आयोगाकडे अपील करण्याची मुदतही 45 दिवसांचीच, पण 2019 च्या कायद्याच्या कलम 41 प्रमाणे ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे ती 20 फेब्रुवारीलाच संपते. आकडा एकच असल्याने लोकांचा इथे हटकून घोळ होतो. वाढीव रकमेसाठी काकांना अपील करायचं असतं तर त्यांनाही 20 फेब्रुवारीच धरायला हवी होती. सबळ कारण असेल तर राज्य आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. कंपनीला अपिलासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि नुसतं अपील दाखल झालं म्हणून आदेश थांबत नाही. स्थगितीचा वेगळा आदेश लागतो.

या 45 दिवसांत तक्रारदाराने हात बांधून बसायचं नसतं. आदेशाची प्रत पक्षकाराला विनामूल्य मिळते. तिची छायाप्रत, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश जोडून कंपनीला पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावं. म्हणजे 'खाते क्रमांक नव्हता' ही सबब उरत नाही. काकांच्या बाबतीत वेगळीच गोष्ट झाली. कंपनीकडून 2,60,000 चा धनादेश आणि 'संपूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशी छापील पावती आली. काकू म्हणाल्या, "घ्या सही करून, मिटवा एकदाचं." मी ते वाक्य खोडायला लावलं आणि त्याजागी 'आदेशातील रकमेपोटी अंशतः प्राप्त, व्याज व इतर रक्कम बाकी' असं लिहून घेतलं. बाकीचे पैसे महिनाभरानंतर आले.

आले नसते तर दोन वाटा होत्या. कलम 71 खाली दरखास्त, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली, गरज पडल्यास जप्तीसह. दुसरी कलम 72 खालची: किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान 25,000 ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पक्षकारांना ही दुसरी फार आवडते. पण तो दंड तक्रारदाराच्या खिशात येत नाही; त्याचा उपयोग दबावापुरता. पैसे हवे असतील तर कलम 71 ची दरखास्त मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तयार हवी, आणि तिच्यासोबत व्याजाचा तारीखवार हिशेब जोडलेला हवा.