तोच प्रश्न, दुसरा आकडा

सुरतेत कापडाच्या धंद्यातली आपली पुष्कळ मराठी माणसं माझ्याकडे प्रश्नकुंडली घेऊन येतात. त्यांच्यातल्या एका जातकाला लिहिलेलं हे पत्र, ओळख पटेल असं सगळं काढून इथे देतो आहे.

भाऊ, नमस्कार.

तुमचा निरोप पोहोचला. रिंग रोडच्या पार्टीकडे अडकलेलं पेमेंट येईल का, हा तुमचा प्रश्न होता. मी ‘ठरलेल्या मुदतीत दिसत नाही’ असं सांगितलं. ते तुम्हाला पटलं नाही. आता नवा आकडा देतो, पुन्हा बघा, दक्षिणा तर दिलीच आहे, असं तुमचं म्हणणं आहे. मी पुन्हा बघणार नाही. का, ते नीट सांगतो.

मी कृष्णमूर्ती पद्धतीने पाहतो. मद्रासच्या के. एस. कृष्णमूर्तींनी विंशोत्तरी दशेच्या 120 वर्षांच्या प्रमाणात प्रत्येक नक्षत्राचे नऊ भाग पाडले. 27 नक्षत्रांचे 243 होतात. त्यांतले सहा भाग राशीच्या सीमेवर दुभंगतात, म्हणून एकूण 249. तुम्ही 1 ते 249 मधला जो आकडा देता, त्यावरून लग्न ठरतं. तुम्ही 37 दिलात. रोहिणीचा तो शेवटचा भाग, म्हणून लग्न वृषभेच्या 22 अंश 40 कलांवर आलं. ग्रह मात्र तुमच्या आकड्याने हलत नाहीत. ते मी प्रश्न हाती घेतला त्या घडीचे असतात.

येणं वसूल होण्यासाठी मी दुसरा, सहावा आणि अकरावा भाव पाहतो. दुसरा म्हणजे तुमची तिजोरी, अकरावा म्हणजे लाभ. सातवा समोरच्या पार्टीचा. सहावा त्या सातव्याचा व्ययभाव, म्हणजे त्यांच्या खिशातून जाणारा पैसा. उलट पाचवा त्यांचा लाभ, आठवा त्यांची तिजोरी आणि बारावा तुमचा खर्च. तुमच्या कुंडलीत अकराव्या भावाचा सब लॉर्ड ज्या नक्षत्रात होता, त्याचा स्वामी आठव्या-बाराव्याचा कार्येश निघाला. पैसा त्यांच्याच घरात राहतो, असा मी त्याचा अर्थ लावला.

आता 37 ऐवजी 38 घेतला तर? लग्न फक्त 40 कलांनी सरकून 23 अंश 20 कलांवर येतं. त्याच बैठकीत ग्रह जागचे हलत नाहीत, पण भावारंभ सरकतात, आणि एखाद्या भावाचा सब लॉर्ड बदलू शकतो. म्हणजे हवा तो आकडा येईपर्यंत चक्र फिरवत बसलं की कधीतरी ‘हो’ मिळणारच. ज्योतिष बाजूला ठेवा. नाणं तीनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता आठात सात असते. मी तुम्हाला असा छापा काढून दिला आणि त्या भरवशावर तुम्ही पार्टीला आणखी माल उधार दिलात, तर नुकसान तुमच्या घरात येईल. मला तेच नको आहे.

दुसरंही एक कारण आहे. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषांची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं कुंडलीवरून ओळखायची होती. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहिल्या, आणि बरोबर आलं 46 टक्के. आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे टोचतं, आणि टोचायलाच हवं. त्यामुळे मी उत्तर तारखेसह वहीत लिहितो, पुढे खरं-खोटं मांडतो. एका प्रश्नाची दोन उत्तरं लिहिली की चूक कधीच सापडत नाही.

फुकट फेरतपासणी मी करतो, पण गणित चुकलं असेल तर. मी आकडा चुकीचा ऐकला, वेळ चुकीची नोंदली किंवा तुमचा प्रश्न ‘पैसे’ ऐवजी ‘भागीदारी’ असा धरला, तर सांगा. दक्षिणा न घेता सगळं नव्याने मांडेन. तुमची नोंद मी पुन्हा तपासली आहे, त्यात तसं काही नाही. उद्या पार्टीने अर्धी रक्कम दिली, किंवा तुम्ही दावा लावलात, तर परिस्थिती बदलली. तो नवा प्रश्न होईल आणि त्याची दक्षिणा वेगळी.

कुंडली काहीही म्हणो, एक गोष्ट तिच्यावर सोडू नका. मालाच्या पैशांच्या दाव्याला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी पार्टीने बाकी मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर तिथून मुदत नव्याने मोजतात. तेव्हा बिलं, चलनं आणि खात्याचा उतारा घेऊन या आठवड्यात वकिलाकडे जा, आणि तोपर्यंत त्या पार्टीला नवा माल पाठवू नका.