उताऱ्याचा तिसरा हिस्सा

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा एक अनिवार्य पेपर असतो. ३०० गुणांचा. त्यातले ६० गुण सारांशलेखनाचे. उतारा एक तृतीयांश करा, शीर्षक देऊ नका, आपल्या शब्दांत लिहा, एवढीच सूचना. या पेपरात २५ टक्के मिळवून पास व्हायचं असतं, त्याचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. म्हणून मुलं मराठीच्या तासाला येतात ती जरा उपकार केल्यासारखीच. त्यांचे सराव पेपर तपासणं हे माझं काम. ते ६० गुण कशाकशाला द्यायचे हे प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे शिकवणाऱ्याला आपलं माप आपणच ठरवावं लागतं, आणि ते मुलांना आधी सांगावंही लागतं.

माझं माप २० गुणांचं आहे. मुख्य विचाराला ८, मूळ उताऱ्याशी इमान राखण्याला ६, संक्षेपाला ३ आणि स्वतःच्या शब्दांना ३. चौघांना पाच-पाच का नाही, असं नवीन शिक्षक विचारतात. शब्द मोजणं कुणालाही जमतं, आणि वाक्यं फिरवून लिहिणंही सरावाने येतं. पण लेखकाला काय म्हणायचंय ते पकडणं आणि ते न वाकवता पोचवणं यात खरी परीक्षा आहे, तर गुणांचं वजनही तिकडेच हवं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून वर्गासाठी मीच लिहिलेला एक छोटा उतारा इथे देतो. परीक्षेतला उतारा याच्या कितीतरी पट मोठा असतो, पण खाचखळगे हेच असतात.

‘महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खोल गेल्यावर भेगा बहुतेक ठिकाणी कमी होत जातात. त्यामुळे विहीर आटली म्हणून शंभर मीटर खोल बोअर घेणाऱ्याला पाणी लागेलच असे नाही. लागले तरी ते अनेकदा शेजारच्या विहिरीचेच असते. पाऊस पडल्यावर उथळ थर लवकर भरतो आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामा होतो. म्हणून बोअरची खोली वाढवण्यापेक्षा पावसाचे पाणी मुरवणे आणि गावाने मिळून उपशावर मर्यादा घालणे, ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच टंचाई कमी होऊ शकते. केवळ बंधारे बांधून हे साधत नाही, कारण मुरलेले पाणी ज्याचा पंप मोठा तोच ओढून नेतो.’

शब्द ९८. म्हणजे सारांश ३३ शब्दांच्या आसपास हवा. दोन-तीन शब्द इकडेतिकडे झाले तर मी काही बोलत नाही.

गठ्ठा उघडण्यापूर्वी मी दोन कामं करतो. या लेखकाला एकच वाक्य बोलायची मुभा असती तर तो काय बोलला असता, ते मी कागदावर लिहून ठेवतो. इथे ते असं: कातळाच्या मुलखात खोल बोअरपेक्षा पाणी मुरवणं आणि मिळून उपसा आवरणं, दोन्ही लागतं. हे आधी लिहिलं नाही, तर पहिली चार उत्तरं वाचता वाचता माझाच मुख्य विचार मुलांच्या मागे सरकत जातो. दुसरं काम म्हणजे उताऱ्यातल्या बारक्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढायची. सुमारे, बहुतेक ठिकाणी, लागेलच असे नाही, अनेकदा, गावाने मिळून, मर्यादा, दोन्ही, तरच, होऊ शकते, केवळ. सारांश करताना मुलांची कात्री पहिली चालते ती यांच्यावर. बिचारे दिसायला फुकटचे वाटतात ना!

आता नेहमी येणाऱ्या तीन तऱ्हा. पहिली ही:

‘महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठते. पावसाचे पाणी मुरवणे आणि उपशावर मर्यादा घालणे ही दोन्ही कामे एकत्र झाली तरच टंचाई कमी होऊ शकते.’

शब्द ३४. खोटं एक अक्षर नाही. पण हा सारांश नव्हे, ही कापाकापी. अर्धे शब्द भूगोलात गेले आणि बोअरचा पत्ताच नाही. खडकात पाणी असं साठतं, ‘म्हणून’ काय, हा दुवा तुटला. वाचणाऱ्याला पहिली दोन वाक्यं कशासाठी होती ते कळतच नाही. मुख्य विचाराला ५. इमानाला ५, कारण ‘गावाने मिळून’ गळलं आणि मर्यादा कोणी घालायची ते मोघम राहिलं. लांबी बरोबर असूनही संक्षेपाला २; ३४ शब्दांपैकी १७ जर टेकू देण्यात गेले असतील तर तो संक्षेप कसला? स्वतःच्या शब्दांना शून्य. एकूण १२.

दुसरी तऱ्हा हुशार मुलाची असते:

‘कातळाच्या महाराष्ट्रात खोल बोअर घेणे म्हणजे पैशाचा चुराडा, कारण खाली पाणी नसतेच. श्रीमंत शेतकरी गरिबांचे पाणी पळवतात. सरकारने बंधाऱ्यांऐवजी उपशावर कडक बंदी घातली, तर दुष्काळ कायमचा हटेल.’

एकामागून एक कोमट उत्तरं वाचून डोळे शिणलेले असताना हे समोर आलं की तपासणारा खूश होतो. माझ्या एका सहकारी बाईंनी अशाच उत्तराला १६ दिले होते. ‘अहो सर, लिहितो किती छान! नाहीतर बाकीच्यांचं बघा.’ लिहितो छानच. पण उतारा शेजारी ठेवून पेन्सिलच्या रेघा जुळवायला घेतल्या की एकेक गंमत दिसू लागते. ‘लागेलच असे नाही’चं ‘नसतेच’ झालं. मोठ्या पंपाचा मालक श्रीमंत ठरला आणि ज्यांचं पाणी गेलं ते गरीब, हे लेखकाने कुठेच म्हटलेलं नाही. गावाच्या जागी सरकार आलं. मर्यादेची बंदी झाली, तीही कडक. ‘केवळ बंधारे नव्हेत’ याचं ‘बंधाऱ्यांऐवजी’ झालं, म्हणजे लेखक ज्या दोन कामांची जोडी मागतो तिच्यातलं एक काढूनच टाकलं. पैशाचा चुराडा पदरचा. आणि टंचाई ‘कमी होऊ शकते’ असं जपून म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘दुष्काळ कायमचा हटेल’ घातलं. तीन वाक्यांत एवढं सगळं, आणि वाचताना कुठेही खडा लागत नाही.

इथे माझ्याच मापाची एक अडचण उघडी पडते. चार रकाने वेगवेगळे भरून बेरीज केली तर या उत्तराला संक्षेपाचे ३, शब्दांचे ३, इमानाचा १ आणि मुख्य विचाराचे ४ मिळून ११ होतात. पहिल्या कापाकापीपेक्षा जेमतेम एक कमी! ज्या सारांशावर विश्वास ठेवून कोणी निर्णय घेतला तर तो फसेल, त्याला निम्म्याहून जास्त गुण. म्हणून मी एक अट घातली आहे. सारांशातून लेखकाच्या म्हणण्याच्या उलट किंवा त्याने न केलेला दावा निघत असेल, तर बेरीज काहीही येवो, एकूण गुण ८च्या वर जात नाहीत. या उत्तराला ८. संक्षेप आणि स्वतःचे शब्द हे गुण खरे, पण ते दुसऱ्याचं म्हणणं सांगताना कमावलेले असायला हवेत. ‘मला असं वाटतं’ याला निबंधाचे १०० गुण त्याच पेपरात ठेवलेत की.

तिसरं उत्तर क्वचित येतं:

‘कातळाच्या प्रदेशात पाणी मुख्यतः उथळ थरातच असल्याने खोल बोअरची खात्री नसते आणि ते अनेकदा दुसऱ्याचेच पाणी ओढते. टंचाई घटवायची, तर पाणी जिरवण्याबरोबर गावाने एकत्रितपणे उपसाही आवरायला हवा. एकटे बंधारे पुरत नाहीत.’

शब्द ३१. कारण आणि निष्कर्ष एकमेकांत गुंतलेले आहेत, ‘अनेकदा’ शाबूत आहे, ‘लागेलच असे नाही’चा सूर ‘खात्री नसते’त नेमका उतरलाय. तरी २० नाही. बंधारे का पुरत नाहीत, म्हणजे मोठ्या पंपाची बाब, सुटली. तिथे मुख्य विचाराचा १ गेला. महाराष्ट्र गाळल्यामुळे एका राज्यापुरतं विधान सगळ्या कातळाला लागू झालं. इमानाचा १ तिथे. चार पंचमांश हा आकडा गाळला ते मात्र योग्यच केलं, तो आकडा काढला म्हणून युक्तिवाद लंगडत नाही. १८ गुण, आणि मी ते हात आखडता न घेता देतो.

‘स्वतःचे शब्द’ याचा मुलं जो अर्थ घेतात त्याने मात्र मला घाम फुटतो. बोअर शब्द आला की त्याची कूपनलिका करायची, कातळाचा पाषाण, पंपाचं जलउपसा यंत्र. वाक्य तेच, नुसते कपडे बदललेले. यात शब्दसंख्याही वाढते आणि एखादा पर्याय चुकला की अर्थही सरकतो. ज्या वस्तूला एकच चालू नाव आहे ते तसंच ठेवावं, त्याचे गुण कोणी कापत नाही. मी बघतो ती वाक्याची बांधणी. उताऱ्यातले पाच-सहा शब्द ओळीने तसेच आले की त्यांच्याखाली लाल रेघ. सारांशात अशा रेघा निम्म्याहून जास्त जागा खाऊ लागल्या, की त्या रकान्यात शून्य. मुलांना सांगतो, दुसऱ्या वाचनानंतर उतारा पालथा घाला आणि शेजारच्याला तोंडी सांगा. तोंडी सांगताना वाक्यं आपोआप स्वतःची होतात. मग लिहा, आणि लिहून झाल्यावरच उतारा सुलटा करून बारके शब्द पडताळा. हा क्रम उलटा केला की पहिली तऱ्हा तयार होते. पडताळणी वगळली की दुसरी.

तपासणीतही एक शिस्त लागते. मी आणि त्या बाई आता एकमेकांचा गठ्ठा पहिल्या गुणांवर कागद चिकटवून पुन्हा तपासतो. एखाद्या उत्तरात तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर दोघं मिळून उतारा समोर घेऊन बसतो. फरक निघतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या तऱ्हेच्या उत्तरात. संक्षेपावरून आमचं कधी वाजलेलं नाही.

सराव प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. सारांशासाठी असा उतारा निवडा ज्यात कोणीतरी काहीतरी पटवून देतंय, जिथे ‘पण’ आणि ‘म्हणून’ आहेत. थोर पुरुषाचं चरित्र किंवा किल्ल्याची माहिती दिली की प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचं होतं. मग मुलाने काय ठेवावं आणि आम्ही कशाला ८ गुण द्यावेत, हे दोघांनाही कळत नाही. आणि उताऱ्याखाली शब्दसंख्या छापा. पेन्सिलने शब्द मोजण्यात मुलांची जी मिनिटं जातात, त्यांना कोणत्याच रकान्यात गुण नाहीत.